'द ग्रेट मायावी' ते 'फुंकर काका': एका रंगमंचीय नावाचं प्रकरण

तो जादूगार माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात काळं, गुळगुळीत कार्ड होतं. चंदेरी अक्षरात 'द ग्रेट मायावी' आणि खाली दोन डोळे. बाकी काही नाही. दहा-बारा वर्षं कॉलेजची गॅदरिंग, गणेश मंडळं, कंपन्यांचे कार्यक्रम असं करून आता त्याला लहान मुलांच्या वाढदिवसाकडे वळायचं होतं. पुण्यात कोथरूड, बाणेर, वाकड या पट्ट्यात सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शनिवार-रविवारी असे कार्यक्रम होतच असतात. पाऊण तासाचा प्रयोग, वर पंधरा मिनिटं फुग्यांची कुत्री-तलवारी. हात साफ, बोलणं गोड. तरी कामं मिळेनात.

"ताई, फोन येतात. रेट विचारतात, हो म्हणतात. मग 'घरी विचारून सांगतो' म्हणतात आणि संपलं."

त्याला वाटत होतं, रेट जास्त आहे. मी लहान धंद्यांची नावं, पाट्या, पत्रकं लिहून देते, त्यामुळे 'रेट जास्त आहे' हे मी रोज ऐकते आणि बहुतेक वेळा अडचण दुसरीकडेच असते. मी त्याला म्हटलं, पुढचे दोन आठवडे आलेल्या प्रत्येक फोनमधला पहिला प्रश्न जसाच्या तसा वहीत लिही. रेटचा नको, त्याच्या आधीचा.

वही वाचल्यावर चित्र स्वच्छ झालं. 'तुम्ही स्वतःच येणार का दुसरं कोणी?' 'मुलगी साडेतीन वर्षांची आहे, घाबरणार नाही ना?' 'चेहऱ्याला रंग लावता का?' 'आगीचं काही असतं का?' आणि एका आईचा प्रश्न, जो मी कार्डाच्या मागे लिहून ठेवला: 'मायावी म्हणजे तुमचं आडनाव का?' बाई थट्टा करत नव्हत्या. समोरचा माणूस कोण, हे त्यांना खरोखर हवं होतं.

नाव कुठे अडत होतं

मोठ्यांच्या जादूत 'मी कोण आहे हे तुम्हाला कळणार नाही' हीच ऐट असते. त्याला परंपराही आहे. हंगेरीत जन्मलेल्या एरिक वाइसने फ्रेंच जादूगार रॉबेर-हूदँ याच्या नावाला एक 'ई' जोडून 'हूदिनी' केलं. आपल्याकडे पी. सी. सरकार यांनी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग Sorcar असं केलं, म्हणजे ते वाचताना जादूगाराला असलेला इंग्रजी शब्द कानाशी रेंगाळावा. गोगिया पाशा पंजाबचे, पण 'पाशा' लावून ते इजिप्तच्या बाजूचे होऊन जात. तिकीट काढून थिएटरात बसणाऱ्या प्रौढ माणसाला हे परकेपण हवंच असतं. त्याच्यासाठी तो माणूस पडद्याआडून येतो आणि पडद्याआडच जातो.

वाढदिवसाला जादूगार येतो तो लिफ्टने. दारात चपला काढतो. स्वयंपाकघरातून पाणी मागतो, कुठल्या खोलीत सामान लावू विचारतो आणि त्यानंतर पाऊण तास घरातली सगळी लेकरं त्याच्या ताब्यात असतात. इथे आईवडिलांना गूढ माणूस नको असतो. मुलांना मात्र गूढ हवंच असतं, नाहीतर त्यांना 'गणिताचे सर' आणि जादूगार यांत फरक काय?

सगळं काम या एका गाठीभोवती होतं. मी त्याला सांगितलं ते असं: गूढ तुझ्यात ठेवू नकोस, तुझ्या हातातल्या वस्तूत किंवा तू करतोस त्या क्रियेत ठेव. नावाचा एक भाग ओळखीचा, घरातला. दुसरा भाग असा, की मुलाने विचारावं, 'असं का म्हणतात तुम्हाला?'

'मायावी'त हे उलटं झालं होतं. आपल्याकडे मायावी कोण? रामायणातला मारीच. सोनेरी हरणाचं रूप घेऊन लोभवून दूर नेणारा. आपल्या मनात त्या शब्दाशी राक्षस जोडलेला आहे आणि आईच्या मनात तर तो नेमका मुलांना भुलवून नेणारा. हे कोणी फोनवर बोलून दाखवत नाही. 'घरी विचारून सांगतो' म्हणतात.

जादू या शब्दाचीच अडचण

मराठीत आणखी एक भानगड आहे, जी इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. 'जादू' हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. एक घर जादूच्या प्रयोगांचं, दुसरं जादूटोण्याचं. महाराष्ट्रात 2013 साली कायदा झाला त्याला सगळे 'जादूटोणाविरोधी कायदा' म्हणतात. मांत्रिक, चेटूक, करणी, उतारा ही सगळी त्याच शब्दाची भावंडं. त्यामुळे 'मंतर', 'तंत्र', 'काळी', 'सिद्ध', 'बाबा', 'महाराज' यांपैकी काहीही नावात आलं की घरातली आजी आणि घरातला विवेकवादी काका, दोघेही वेगवेगळ्या कारणांनी भुवया उंचावतात.

यावर मराठीनेच दिलेला उपाय म्हणजे 'प्रयोग' हा शब्द. नाटकाचा प्रयोग, विज्ञानाचा प्रयोग, जादूचा प्रयोग. तो लागला की लगेच रंगमंच दिसतो, वेळ ठरते, सुरुवात-शेवट ठरतो. म्हणून पहिला निर्णय नावाचा नव्हताच. नावाखालची ओळ ठरली: 'जादूचे प्रयोग, मुलांसाठी'. नुसतं 'जादू' कुठेही नाही.

पुण्यात याचं उत्तम उदाहरण डोळ्यांसमोर होतं. जादूगार रघुवीर. आडनाव भोपळे, पण रंगमंचावर रघुवीर, आणि ते नाव तिसऱ्या पिढीपर्यंत चाललं. रघुवीर या नावात गूढ काहीही नाही. रामाचं नाव आहे, शेजारच्या वाड्यात सापडेल. गूढ त्याच्याआधीच्या 'जादूगार' या शब्दाने आणि नंतर होणाऱ्या प्रयोगाने यायचं. आमच्या माणसाने विचारलं, मग मीही माझं खरं नावच लावू का? लावता आलं असतं. पण त्याचं नाव इतकं सर्वसाधारण आहे की शोधल्यावर आधी एक दंतवैद्य आणि दोन वकील येतात. शिवाय साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यातलं जोडाक्षर उच्चारता येत नाही.

बाद झालेली नावं

हा भाग मला सगळ्यांत आवडला, कारण इथे मराठीने आमचे कान उपटले. त्याच्या सामानाची यादी काढली: टोपी, पेटी, पोतडी, रुमाल, खिसे, पत्ते, दोरी. प्रत्येकापुढे नातं लावून पाहिलं आणि एकेक पडत गेलं.

'टोपीकाका' लगेच गेलं. टोपी घालणे म्हणजे फसवणे. 'खिसेकाका' उच्चारताच 'खिसेकापू' ऐकू येतं. 'जादूमामा' त्याचं लाडकं होतं, आणि मामा हे तर मुलांचं हक्काचं नातं, चांदोबासुद्धा मामाच. पण 'मामा बनवला' हे वाक्य आगाऊ पैसे देणाऱ्या बापाच्या डोक्यात आल्याशिवाय राहणार नाही. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की फसवण्याच्या मराठी वाक्प्रचारांत जादूगाराचं निम्मं सामान भरलेलं आहे. खुद्द 'हातचलाखी' शब्दही कौतुक आणि चोरी दोन्हींसाठी चालतो.

'पोतडीकाका'वर आम्ही दोन दिवस अडलो. शब्द सुंदर आहे. पोतडीतून काय निघेल सांगता येत नाही, आणि गारुड्याची पोतडी मराठी माणसाच्या ओळखीची. पण मी माझ्या सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पोरं पळवणाऱ्याच्या खांद्यावर असते ती?" जेवत नाही म्हणून 'झोळीवाला घेऊन जाईल' अशी भीती घातलेली पिढ्यान् पिढ्या मुलं आपल्याकडे आहेत. आणि ही भीती नुसती घरगुती राहत नाही: 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. ज्या प्रतिमेत एवढं विष साठलेलं आहे ती विनोदासाठी वापरायची नाही, असं मी ठरवलं. पोतडी गेली. त्याच न्यायाने 'गायब' आणि 'छूमंतर'ही गेले. रुमाल गायब झालेला चालतो, पण मुलांच्या कार्यक्रमात 'गायब' हा शब्द दारावर नको.

विदूषकाची बाजूही पाहिली, कारण त्याच्याकडे लाल नाक आणि रंगाची पेटी होती. मराठी मुलं विदूषक म्हणत नाहीत, जोकर म्हणतात, आणि मोठ्यांच्या बोलण्यात 'काय जोकर आहे' ही शिवीच असते. 'विदूषक' शब्द छान, पण त्याला संस्कृत नाटकाचा वास. खरी अडचण रंगाची होती. अगदी लहान मुलं माणूस ओळखतात ती चेहऱ्यावरून. चेहरा पांढरा आणि ओठ कानापर्यंत गेले की त्यांना ओठ हसताना दिसतात, पण डोळे काय म्हणतात ते कळत नाही. आईवडिलांच्या बाजूने पाहिलं तर रंग म्हणजे आणखी एक पडदा. त्याने रंग सोडला, नाक ठेवलं, आणि तेही मुलांसमोर लावायचं ठरवलं, म्हणजे आतला माणूस आधी दिसतो.

नातं कोणतं

दादा, काका, मामा, आजोबा. तो छत्तीस वर्षांचा. 'दादा' पुण्यात राजकारणात फार वापरला गेलाय आणि दाढीवर पांढरं दिसू लागल्यावर शोभतही नाही. 'अंकल' म्हटलं की कोणीही. उरला 'काका', आणि तो नुसता वयाने बसतो म्हणून नव्हे. शहरी मुलाच्या जगात काकांची एक रांग आधीपासून आहे: व्हॅनवाले काका, वॉचमन काका, दूधवाले काका. घरचे नसलेले, पण घरच्यांनी मान्य केलेले पुरुष. त्यातल्या व्हॅनवाल्या काकांच्या हाती तर आई रोज मूल देते. आपल्याला नेमकी त्याच रांगेत जागा हवी होती.

हे एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं तर ते पुणेरी स्वरात म्हणाले, "शनिवारवाड्याजवळ नका हो प्रयोग लावू. काका मला वाचवा ऐकू येईल." 1773 पासून हा विनोद पुण्यात कोणत्याही काकाला चुकलेला नाही. लोक हसतात आणि पुढे जातात. भीती वाटत नाही. चालेल असं धरलं.

फुंकर

वस्तू संपल्या होत्या, म्हणून मी त्याला म्हटलं, चल, नुसता प्रयोग करून दाखव, सामानाचं नाव न घेता. त्याने मूठ मिटली, माझ्या भाचीसमोर धरली आणि म्हणाला, "फुंकर मार." तिने मारली. मूठ उघडली तर आतल्या एका लाल चेंडूचे दोन झाले होते. प्रत्येक प्रयोगात हेच होतं, गेली दहा वर्षं. त्याला स्वतःला ते दिसलंच नव्हतं.

फुंकर या शब्दाला मराठीत दोन गुण एकाच वेळी आहेत. गुडघा फुटला की आई फुंकर घालते. गरम दुधावर फुंकर, डोळ्यात कचरा गेला की पदराची ऊब करून फुंकर. दुखण्यावर फुंकर घालणं हा आपला वाक्प्रचारच आहे, आणि त्यात फसवणूक शोधूनही सापडत नाही. आणि तरी फुंकर दिसत नाही, हातात धरता येत नाही, आणि तिने काहीतरी घडतं. मुलाला यापेक्षा जास्त गूढ लागत नाही.

तिसरा गुण प्रयोगातून आला. फुंकर मारतं मूल. म्हणजे जादू त्याच्याकडून होते आणि काका चकित होतात. मुलांच्या जादूत हा जुना, पक्का नियम आहे, की मदतीला आलेलं मूल शेवटी शहाणं ठरावं, हसं होऊ नये. नावच तो नियम पाळायला लावत होतं.

तपासणी

नाव कागदावर छान दिसणं पुरेसं नसतं, म्हणून आम्ही ते चार ठिकाणी नेऊन पाहिलं. आईने स्वयंपाकघरातून ओरडून आजीला सांगितलं तर एकदाच ऐकून कळतं का? 'फुंकर काका येणारेत' कळलं. तीन-चार वर्षांचं मूल कसं मोडतं? 'फुंकल काका', 'फुकर काका', एकाने 'फूफू काका'. मोडल्यावर काही वेडंवाकडं होत नाही ना, हे पाहणं महत्त्वाचं, कारण मोडलेलंच नाव बालवाडीत पसरतं.

तिसरी जागा सोसायटीचं गेट. वॉचमन नाव विचारतो आणि ॲपवर घरी विचारणा जाते. तिथे 'द ग्रेट मायावी' असं सांगताना आमचा माणूस आजवर पुटपुटायचा आणि खरं नाव सांगितलं की घरून 'कोण?' म्हणून नकार यायचा. दारातच असा गोंधळ झाला की पुढचा पाऊण तास आई त्याच्यावर नजर ठेवून असते. म्हणून नियम केला: काम ठरल्यावर जाणाऱ्या पहिल्या निरोपात दोन्ही नावं एका ओळीत, बिनरंगाच्या चेहऱ्याचा फोटो आणि गेटवर कोणतं नाव सांगणार ते. त्यातच चार वाक्यं: खोलीत घरचं एक मोठं माणूस पूर्ण वेळ असावं, दार उघडं राहील, मुलांना मी उचलून घेत नाही, एकट्या मुलाला सामानाजवळ नेत नाही. पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला त्याने काढून ठेवला; मागितला तर दाखवतो, आपणहून मिरवत नाही. नावाने दार थोडं किलकिलं होतं, माणूस आत घ्यायचा की नाही हे या गोष्टींवर ठरतं.

चौथी जागा यूपीआय. आगाऊ रक्कम पाठवताना पडद्यावर बँकेतलं नाव येतं, रंगमंचावरचं नाही. 'फुंकर काकां'ना पैसे पाठवणारी आई तिथे वेगळंच नाव पाहून थबकते, आणि आजकाल थबकायलाच हवं. यावर पक्का उपाय म्हणजे धंद्याच्या नावाने चालू खातं, त्यासाठी उद्यम नोंदणी आणि शॉप ॲक्टची पावती. ते होईपर्यंत साधा उपाय: पैसे मागायच्या आधीच लिहायचं, 'पडद्यावर माझं बँकेतलं अमुक नाव दिसेल.' आधी सांगितलं की शंका येत नाही; नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

ट्रेडमार्कचंही पाहिलं. करमणुकीच्या सेवा वर्ग 41 मध्ये येतात, आणि एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये. 'जादूगार काका' असं नाव असतं तर ते नुसतं कामाचं वर्णन म्हणून अडलं असतं. 'फुंकर'चा जादूच्या सेवेशी थेट वर्णनाचा संबंध नाही, त्यामुळे आशा जास्त. अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर सारखी नावं शोधायची असतात, आणि ती देवनागरीबरोबर सगळ्या रोमन स्पेलिंगांनीही.

स्पेलिंगने घातलेला घोळ

रोमनमध्ये फुंकर कशी लिहायची? Phunkar की Funkar? लोक दोन्ही टाइप करणार. आम्ही Funkar घेतलं, कारण छोटं आहे आणि सुरुवातीलाच fun दिसतं. फायदा असा झाला की हिंदी-उर्दू वाचणाऱ्याला त्यात 'फनकार' दिसतो, म्हणजे कलावंत. तोटा असा, की शोधलं की गायक येतात. म्हणून पुढे Kaka जोडून एकच शब्द केला आणि सगळीकडे तोच ठेवला. आधी मला 'झुळूक काका' हे नाव जास्त काव्यमय वाटत होतं. पण झ रोमनमध्ये jh, z, zh कसाही लिहिला जातो आणि ळ चा l होतो. ऐकलेलं नाव टाइप करता आलं नाही तर सापडत नाही, आणि वाढदिवसाची कामं तर ऐकूनच येतात: एका वाढदिवसाला आलेली आई पुढच्या महिन्यात आपल्या घरच्या वाढदिवसासाठी शोधते.

एका आजींनी हरकत घेतलीच. "फुंकर म्हणजे झाडफूक का हो?" त्याने फोनवर सांगितलं, "नाही आजी, केकवरच्या मेणबत्तीसारखी." आजी म्हणाल्या, "आमच्यात विझवत नाहीत, औक्षण करतो." तेव्हापासून तो आधी विचारतो: मेणबत्ती की निरांजन? निरांजन असेल तर फुंकर फक्त मुठीवर.

नवं कार्ड पिवळं आहे. त्यावर मुलाचा फुगलेला गाल, 'फुंकर काका', खाली 'जादूचे प्रयोग, मुलांसाठी', आणि त्याखाली लहान अक्षरात त्याचं खरं नाव. 'घरी विचारून सांगतो' पूर्ण थांबलेलं नाही. पण वहीतले पहिले प्रश्न बदलले: आता 'किती मुलं चालतील?' आणि 'क्लबहाउसमध्ये की घरी बरं?' असे येतात. म्हणजे तो कोण, हे विचारण्याची पायरी ओलांडून बोलणं सुरू होतं.

एक छिद्र मात्र राहिलंय. हिंदीत 'फुंकार' म्हणजे सापाचा फूत्कार. वाकडच्या एका हिंदीभाषक घरून फोन आला: "भैया, साँप भी लाते हैं क्या? बच्चे डर जाएँगे." त्याने चेंडू आणि रुमाल आणतो म्हणून समजावलं, काम मिळालं. आता हिंदी घरांना पाठवायच्या निरोपात पहिली ओळ असते, 'फूँक मारो, जादू देखो', आणि सोबत भाचीचा मुठीवर फुंकर मारतानाचा फोटो, चेहरा न दिसणारा. तिच्या आईला विचारूनच घेतला.